भांडणांची वही कशी वाचावी
आपल्या सोनागिरीतल्या ओळखीच्या एका वहिनींनी चैत्रापासून गुपचूप वही ठेवली. खटका उडाला की त्याच रात्री चार गोष्टी लिहायच्या: तारीख, कारण, अबोला किती टिकला, आधी कोण बोललं. चैत्रात ७ भांडणं, आषाढात ३. वाटलं, सुधारलं की! पण चैत्रातला अबोला एका रात्रीचा, आषाढातला चार-चार दिवसांचा. आणि आताशा दर वेळी आधी वहिनीच बोलल्या. म्हणजे बिघडतंय. माझं म्हणणं एवढंच, नुसती संख्या फसवते. भांडण थांबतं तेव्हा कधी कधी बोलणंच थांबलेलं असतं. बरे दिवसही लिहा, नाहीतर वहीचं आरोपपत्र होतं. मात्र हात उगारला गेला, तर महिने मोजत बसू नका. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.