बॅच नंबर जुळला, तरी डबा खरा असेलच असे नाही

जिमच्या ग्रुपवर व्हे प्रोटीनच्या डब्याचा फोटो येतो, किंमत निम्मी. फोटोवरून ब्रँड, फ्लेवर, वजन कळते, खरेपणा नाही. त्यासाठी मागच्या लेबलचा, तळाचा आणि झाकणाखालच्या सीलचा फोटो मागवावा.

लेबलवर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असतो. त्यातला चौथा-पाचवा अंक म्हणजे परवान्याचे वर्ष. समजा, भारतात बनलेल्या डब्यावर क्रमांक १००२४ने सुरू होतो, म्हणजे परवाना २०२४चा. पण तळावर उत्पादन २०२३चे. परवान्याआधीच क्रमांक छापला कसा? असा डबा घेऊ नये.

बॅच नंबरवर लोक फार विसंबतात. एका बॅचमधल्या सगळ्या डब्यांवर तोच नंबर असतो. एका खऱ्या डब्यावरून तो कितीही बनावट डब्यांवर छापता येतो, आणि कंपनीकडे विचारल्यास बॅच खरीच निघते. स्क्रॅच कोड मात्र प्रत्येक डब्याचा वेगळा. तो आधीच खरवडलेला असेल किंवा 'यापूर्वी तपासलेला' असा संदेश आला, तर संशय घ्यावा. क्यूआर बनावट पानावर नेऊ शकतो. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करावा.

कारखान्यात फॉइलचे सील उष्णतेने काठाला चिकटवतात, ते सगळीकडे सारखे बसते. सुरकुत्या, ओघळलेला गोंद किंवा दुहेरी कड दिसली तर डबा पुन्हा भरलेला असू शकतो. मात्र सील करण्याची छोटी यंत्रे बाजारात सहज मिळतात, म्हणून नीट बसलेले सील हा पुरावा नव्हे. शंका आल्यास पावडर न वापरता डबा आणि बिल जपून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.