कोरा रकाना

गतमासी एका समुपदेशक भगिनीचे पत्र आमच्या दप्तरी दाखल झाले, आणि सोबत त्यांच्या केंद्राच्या समुपदेशन-नोंदवहीचा वर्षभराचा गोषवारा. प्रत्येक दांपत्यापुढे सही एकच, तीही पहिल्या आवर्तनाच्या संमतिपत्राच्या दिवशीची. अपयशानंतरचे सगळे रकाने कोरे. निरीक्षकांनी वही चाळली, सहीची खातरजमा केली आणि 'समाधानकारक' असा शेरा मारून चहा घेतला. २०२१ चा कायदा यशाची शक्यता, खर्च व धोके सांगून दांपत्यास सुजाण निर्णयाप्रत येण्यास साहाय्य करावे असे फर्मावतो. तो निर्णय 'आता पुरे' असाही असू शकतो, हे ना सरकारी शिरस्त्यात बसले, ना आपल्या.

पत्रातले एक दांपत्य पाहा. पत्नी ३९ वर्षांची शिक्षिका. तीन वेळा बीजसंकलन, चार भ्रूणरोपणे, चारही वेळा बीटा निगेटिव्ह. तेलातल्या प्रोजेस्टेरॉनने आलेल्या गाठी शेकण्यासाठी पती रोज रात्री गरम पाण्याची पिशवी भरीत असे. चौथ्या निकालाचा फोन मधल्या सुट्टीत आला, आणि घंटा होताच बाईंनी वर्गात जाऊन लघुतम साधारण विभाज्य शिकवला. तिसऱ्या दिवशी केंद्रात गेले, तो नव्या प्रोटोकॉलचा अंदाजपत्रकासह कागद तयारच होता; त्यात एंडोमेट्रियल स्क्रॅचही होते, ज्याने सरसकट लाभ होत नाही हे २०१९ च्या मोठ्या चाचणीनंतर आपणां सर्वांस ठाऊक आहे.

थांबावे असे दोघांच्याही मनात वर्षभर होते. परंतु दुसऱ्याला पुढे जायचे आहे अशी प्रत्येकाची समजूत असल्यामुळे दोघेही गप्प राहिले. त्यात एक भ्रूण गोठवलेले, आणि त्याच्या साठवणुकीच्या नूतनीकरणाची चिठ्ठी घरी आलेली: वापरावे तर पुन्हा ते पंधरा दिवस, न वापरावे तर टाकून दिल्यासारखे. भगिनींनी दोघांना निरनिराळ्या खोल्यांत बसवून आणखी किती वेळा, किती पैसे, कुठल्या वयापर्यंत, एवढेच लिहावयास सांगितले. दोन्ही कागदांवर उत्तर एकच होते: हे एक भ्रूण, आणि नवे संकलन नाही. तेही रुजले नाही. या खेपेस मात्र त्यांनी पुढची तारीख मागितली नाही.

'नको' म्हणणे आम्हां वैद्यांस जड जाते. रुग्णाची आशा मोडवत नाही हे एक कारण झाले, पुढल्या आवर्तनाचे बिल हे दुसरे, आणि दुसरे आपण सभेत कधी बोलत नाही. तेव्हा सभासदहो, दुसऱ्या अपयशानंतर एक तास राखून ठेवा, ज्यात टेबलावर अंदाजपत्रक नसेल व दोघांना वेगळे विचारले जाईल. उरलेल्या भ्रूणांचे काय करायचे, हा प्रश्न तर संकलनापूर्वीच पुसा. ज्यांनी हे आरंभिले असेल, त्यांनी नोंदवहीचे ते पान, नावे खोडून, पुढील अंकापूर्वी आमच्याकडे धाडावे.