पुरुष तयार होते!

ऑक्टोबर 2016 च्या अखेरीस जगभरच्या वर्तमानपत्रांनी एक बातमी मिटक्या मारत छापली. पुरुषांसाठी गर्भनिरोधक इंजेक्शन निघाले, चाचणी सुरू झाली, पुरुषांना चेहऱ्यावर मुरुमे आली, थोडे उदास वाटू लागले आणि या शूरवीरांनी हाय खाऊन पळ काढला! बायकांनी साठ वर्षे जे निमूट सोसले ते पुरुषांना साठ आठवडेही सोसवले नाही, अशी त्यावर यथेच्छ टिंगल झाली. टिंगल करायला आमची ना नाही. या बाबतीत पुरुषजातीने ती भरपूर कमावलेली आहे. पण ही बातमी खोटी होती. पळाले ते चाचणीतले पुरुष नव्हेत. चाचणी थांबवली ती एका समितीने. आणि त्या समितीच्या निर्णयामागे जो तराजू होता त्याची दांडी आजही तशीच वाकडी आहे.

आधी विज्ञान पाहू, कारण अज्ञानावर उभारलेला संताप फुकट जातो. टेस्टोस्टेरॉन हा पुरुषत्वाचा रस. तोच बाहेरून टोचला तर शुक्रजंतू वाढतील असे कोणालाही वाटेल. घडते ते उलटेच. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे आहे असे दिसताच मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना आज्ञा धाडणारी आपली दोन्ही संप्रेरके आवरती घेते. मग वृषणांतले स्वतःचे उत्पादन थंडावते. शुक्रजंतू तयार व्हायला वृषणांच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट अधिक टेस्टोस्टेरॉन लागते. ते आटले की शुक्रजंतूंची निर्मिती बंद पडते. बाहेरून दिलेला डोस रक्तातली पातळी राखतो, म्हणून कामेच्छा, दाढी-मिशा, स्नायू हे सारे शाबूत राहते. सोबत प्रोजेस्टिन दिले तर तेही पीयूषिकेलाच गप्प करते आणि टेस्टोस्टेरॉन कमी पुरते.

तत्त्व असे सोपे, मग घोडे अडले कुठे? स्त्रीच्या बाबतीत महिन्याला एक बीज अडवायचे असते. इथे दररोज कोट्यवधी शुक्रजंतू ओतणारी अखंड धार आटवायची असते. एक शुक्रजंतू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे नळ आज बंद केला तरी वाटेत असलेला माल संपेपर्यंत दोन ते चार महिने थांबावे लागते आणि तोवर दुसरे साधन वापरावे लागते. शिवाय धार सगळ्यांची सारखी आटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून जी पहिली मोठी चाचणी घेतली, तीत आशियाई पुरुषांपैकी बहुतेकांचे शुक्रजंतू शून्यावर आले, पण गोऱ्या पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचेच आले. असे का, याचे पक्के उत्तर अजून नाही. पण 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच चाचणीने एक गोष्ट निर्विवाद दाखवली. शून्यावर आलेल्या 157 पुरुषांनी वर्षभर याच साधनावर भिस्त ठेवली आणि त्यांत गर्भधारणा झाली ती एक. पुढे चीनमध्ये हजारावर पुरुषांना महिन्याला एक इंजेक्शन देऊन अडीच वर्षे पाहिले. तिथेही अपयश वर्षाला शंभरात सुमारे एक. निरोधच्या रोजच्या वापरात हे प्रमाण शंभरात तेराच्या आसपास असते. म्हणजे उपाय चालतो की नाही हा प्रश्न गेल्या शतकातच निकालात निघाला होता.

आता त्या बदनाम चाचणीकडे येऊ. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतली कॉनराड ही संशोधन संस्था यांनी ती सुरू केली. अनेक देशांतल्या दहा केंद्रांवर 320 पुरुष दाखल झाले. दर आठ आठवड्यांनी दोन इंजेक्शने: 1000 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट आणि 200 मिलिग्रॅम नॉरइथिस्टेरॉन एनन्थेट. प्रत्येकाच्या वीर्याची वारंवार तपासणी होई आणि मिलिलिटरमागे शुक्रजंतू दहा लाखांच्या खाली उतरले की मगच जोडप्याने बाकीची साधने सोडायची, असा नियम. 24 आठवड्यांत 274 पुरुष या रेषेखाली आले. 266 जोडपी पुढच्या टप्प्यात गेली आणि त्यांत गर्भधारणा झाल्या चार.

त्रास झाला का? झाला, आणि तो झाकण्याचे कारण नाही. जवळपास निम्म्या पुरुषांना मुरुमे आली. बऱ्याच जणांची कामेच्छा वाढली. याची तक्रार किती बायकांनी केली हे अहवालात नाही! काहींना टोचल्या जागी दुखले, काहींचे स्नायू दुखले, काहींच्या मनःस्थितीत चढउतार झाले आणि थोड्यांना नैराश्य आले. एका सहभागीने आत्महत्या केली. तपासाअंती तिचा औषधाशी संबंध नसल्याचा निष्कर्ष निघाला. इंजेक्शने थांबवल्यावर वर्षभरात सुमारे 95 टक्के पुरुषांचे शुक्रजंतू पूर्ववत झाले, पण एकाचे चार वर्षांनंतरही झाले नाहीत. हा एक माणूस आमच्या मते सगळ्या मुरुमांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण हे साधन खुणावते ते परत फिरता येईल या आश्वासनावर.

अशा वेळी चाचणीची स्वतःची सुरक्षा समिती काय म्हणाली? चालू ठेवा. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या दुसऱ्या, बाहेरच्या परीक्षण मंडळाने तीच माहिती पाहून 2011 मध्ये इंजेक्शने थांबवायला लावली. मनःस्थितीच्या तक्रारींचा मोठा हिस्सा दहापैकी एकाच केंद्रातून आलेला होता. औषधाचा दोष असता तर तो सगळीकडे दिसायला हवा होता. मग औषध दोषी की त्या केंद्रातली विचारण्याची पद्धत? हे ठरवायचे कसे? ज्यांना नुसते पाणी टोचले आहे असा तुलनेचा गट चाचणीत नव्हता. असता तर त्या गटातल्या पुरुषांच्या बायकांना गरोदरपणाच्या धोक्यात सोडावे लागले असते. म्हणजे चाचणीच्या रचनेतच उत्तराची सोय नव्हती, आणि उत्तर नसताना निकाल लावला गेला. दुष्परिणामांमुळे स्वतःहून बाहेर पडले होते ते वीस पुरुष. उरलेल्यांना विचारले तेव्हा हे साधन मिळाले तर वापरू, असे तीन चतुर्थांशांहून अधिक म्हणाले. जगभर खिदळणाऱ्यांनी ही ओळ वाचलीच नाही.

आता बायकांची गोळी कशी आली ते आठवा. 1956 मध्ये पोर्तो रिकोत गरीब स्त्रियांना एनोव्हिड दिली गेली. ही गोळी अजून प्रयोगावर आहे, हे त्यांतल्या अनेकींना सांगितलेसुद्धा नव्हते. आजच्या गोळ्यांच्या मानाने डोस राक्षसी होता. मळमळ, चक्कर, डोकेदुखी यांनी सुमारे 17 टक्के स्त्रिया हैराण झाल्या. तिथल्या डॉक्टर एद्रिस राइस-रे यांनी दुष्परिणाम फार आहेत असे स्पष्ट कळवले. तीन स्त्रिया दगावल्या. त्यांचे शवविच्छेदनही झाले नाही. आणि 1960 साली ती गोळी गर्भनिरोधक म्हणून बाजारात आली. ही गोळी घडवणाऱ्या ग्रेगरी पिंकसने हेच औषध मनोरुग्णालयातल्या काही पुरुषांवरही वापरून पाहिले होते. तो मार्ग मात्र पुढे गेला नाही.

या भेदाला एक सभ्य युक्तिवाद आहे आणि तो आम्ही बाजूला सारत नाही. स्त्रीने औषध घेतले तर तिच्या त्रासाच्या विरुद्ध पारड्यात गरोदरपणाचा आणि बाळंतपणाचा धोका असतो. पुरुष गरोदर राहत नाही, म्हणून त्याच्या पारड्यात काहीच नसते आणि मुरुमसुद्धा जड ठरते. निरोगी माणसाला औषधाने अपाय करू नये, हे तत्त्व म्हणून आम्हाला मान्य. पण हिशेब मांडताना पुरुष एकटा बसला आहे असे धरले जाते, इथेच अप्रामाणिकपणा शिरतो. त्याने इंजेक्शन घेतले नाही तर गोळी, तांबी किंवा शस्त्रक्रिया यांचा धोका कोण उचलतो? तीच, जिचे नाव त्याच्या हिशेबात नाही. धोका जोडप्याचा आहे, म्हणून तो जोडप्याचा मिळून मोजा. तसा मोजला असता तर 2011 चा निर्णय टिकला असता का, हे त्या मंडळाने सांगावे.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीत नवल असे काही नाही. जर्मनीची शेरिंग आणि नेदरलँड्सची ऑर्गानॉन यांनी मिळून 354 पुरुषांवर एक चांगली चाचणी केली. तीत तुलनेचा गटही होता आणि दहापैकी सुमारे नऊ जणांचे शुक्रजंतू रेषेखाली आले. 2006 मध्ये बायरने शेरिंग घेतली आणि काम गुंडाळले. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी इकडे पाठ फिरवली आहे. बायकांच्या गोळ्या खपत असताना नवरोबांसाठी कोर्टकचेरीची जोखीम कोण पत्करणार?

आज जे चालले आहे ते सार्वजनिक पैशावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी दोन्ही खांद्यांवर रोज चोळायची एक जेल तयार केली: 8 मिलिग्रॅम नेस्टोरोन, 74 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन. 2024 मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार 222 पुरुषांपैकी 86 टक्के पंधराव्या आठवड्यापर्यंत रेषेखाली आले आणि त्यांतल्या निम्म्यांना तर आठ आठवडेही लागले नाहीत. जुन्या इंजेक्शनांपेक्षा हे जलद आहे. अडचणी आहेतच. रोज न विसरता लावावी लागते, आणि चोळलेल्या अंगाला बायको किंवा मूल बिलगले तर औषध त्यांच्या अंगात जाते. पण या सोडवता येण्याजोग्या अडचणी आहेत. परवान्यासाठी याहून कितीतरी मोठी, हजारो जोडप्यांची चाचणी लागेल आणि तिला पैसे द्यायला कंपन्या पुढे येणार नाहीत.

मग कोणी यावे? आम्ही भारत सरकारचे नाव घेतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) या देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्क्यांनी स्वतःवर नसबंदी करून घेतलेली आढळली. ज्यांच्या नवऱ्यांनी ती करून घेतली अशा 0.3 टक्के. नोव्हेंबर 2014 मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत 83 बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या आणि त्यांतल्या तेरा मेल्या. ‘अंतरा’च्या नावाने दर तीन महिन्यांनी प्रोजेस्टिनचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात बायकांना मिळते, पाळी बिघडते, तरी आमच्या कोणत्या मंडळाने तराजू काढला? र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्यापायी प्राध्यापकी गमावली. त्याला शंभर वर्षे उलटली, आणि अजून पुरुषाच्या हाती निरोध आणि नसबंदी याखेरीज काही नाही.

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या जेलची किंवा इंजेक्शनाची मोठी, बहुकेंद्री चाचणी सरकारी खर्चाने हाती घ्यावी. तुलनेच्या गटाचा टप्पा जोडपी अन्य साधने वापरत असतानाच उरकावा, म्हणजे मनःस्थितीचा प्रश्न पुन्हा अंधारात सुटणार नाही. शुक्रजंतू परत न येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे व्हावा आणि त्याच्या भरपाईची हमी सरकारने आधी लिहून द्यावी. आणि नैतिक परीक्षण करणाऱ्या समित्यांनी धोक्याचा हिशेब यापुढे जोडप्याचा मांडावा, तशी लेखी मार्गदर्शक सूचना काढावी. आरोग्यमंत्र्यांना यातले कोणते कलम अशक्य वाटते ते त्यांनी संसदेत उभे राहून सांगावे.