वेळ त्यांची, बोली आपली



इंग्रजी चित्रफीत बघताना पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटतात, ती तुम्ही पाहिलीच असतील. त्यांना सबटायटल म्हणतात. ही अक्षरं पुष्कळदा चित्रात कोरलेली नसतात, तर शेजारच्या एका वेगळ्या, छोट्याशा फाइलमध्ये असतात. त्या फाइलच्या नावाचं शेपूट असतं `.srt`. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि तिच्यातलं इंग्रजी काढून तिथं मराठी लिहिता येतं. मग तीच चित्रफीत इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही कळते. आज आपण हेच करून बघू या.

नमुन्यासाठी घेऊ २० जुलै १९६९ चा दिवस. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांचं यान चंद्रावर उतरलं, तेव्हा पृथ्वीशी झालेलं बोलणं ध्वनिमुद्रित आहे. नासाच्या बहुतेक चित्रफिती शाळेत दाखवायला मोकळ्या असतात, म्हणून हे उदाहरण सोयीचं. फाइल उघडली की असं काहीसं दिसतं. (शब्द खरे आहेत, वेळेचे आकडे मात्र मी नमुन्याला घातलेत बरं का!)

```
41
00:02:10,000 --> 00:02:13,500
<i>Houston, Tranquility Base here.
The Eagle has landed.</i>

42
00:02:14,200 --> 00:02:17,000
You got a bunch of guys
about to turn blue.

43
00:02:17,100 --> 00:02:19,000
We're breathing again.
```

घाबरू नका. ही आगगाडीच आहे म्हणा ना! पहिल्या ओळीतला 41 हा डब्याचा क्रमांक. दुसरी ओळ म्हणजे वेळापत्रक : तास, मिनिटं, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचा हजारावा भाग. बाणाच्या डावीकडे अक्षरं कधी उमटायची ते, उजवीकडे कधी पुसायची ते. त्याखाली बसलेले प्रवासी म्हणजे शब्द. आणि शेवटी एक कोरी ओळ, ती दोन डब्यांमधली जागा. भुसावळहून निघालेली गाडी मलकापूरला ठरल्या वेळी यावी, आत कोण बसलंय ते वेगळं असलं तरी चालेल. आपल्यालाही फक्त प्रवासी बदलायचे आहेत. क्रमांक, वेळ, बाण आणि कोरी ओळ यांना हात लावायचा नाही.

राहिली ती `<i>` आणि `</i>` ही खूण. पहिली म्हणते, ‘इथून अक्षरं तिरपी कर’ आणि तिरकी रेघ असलेली दुसरी म्हणते, ‘इथं थांब’. बोलणारा माणूस समोर दिसत नाही, आवाज रेडिओवरून येतोय, हे दाखवायला अक्षरं तिरपी करतात. मराठीतही खुणांची जोडी तशीच ठेवायची. एखाद्या वाक्यात एकच शब्द खुणांमध्ये असेल आणि मराठीत तो शब्द मागे-पुढे गेला, तर खुणाही त्याच्याबरोबर न्यायच्या. शेवटची खूण हरवली, तर काही ठिकाणी तिथून पुढचं सगळंच तिरपं दिसतं.

आता भाषांतर. आमच्या वर्गात एकानं झटकन लिहिलं, ‘गरुड उतरला.’ शब्दाला शब्द बरोबर! पण चित्रात गरुड कुठाय? ‘ईगल’ हे त्या यानाचं नाव होतं. शिवाय आपण डोळ्यांनी वाचत असतो, तेव्हा कान ‘ईगल’ हाच शब्द ऐकत असतात. कानाला एक आणि डोळ्याला दुसरं मिळालं, की बघणारा अडखळतो. म्हणून नाव तसंच ठेवायचं. ‘ट्रँक्विलिटी बेस’ हेही चंद्रावरच्या शांतिसागर नावाच्या मैदानात उतरल्यावर आर्मस्ट्राँगनी रेडिओवर घेतलेलं नाव, तेही तसंच.

४२ व्या डब्यात खरी गंमत आहे. पृथ्वीवरून बोलणारे होते चार्ली ड्यूक. ते स्वतः अंतराळवीर होते आणि पुढं १९७२ मध्ये अपोलो १६ मधून चंद्रावर गेले. त्यांच्या बोलण्याचा सरळ अर्थ होतो, ‘इथली बरीच मंडळी निळी पडायच्या बेतात होती.’ श्वास फार वेळ रोखला की माणूस निळा पडतो, असा त्यातला विनोद. पण आपल्याकडे ‘अंग निळं पडलं’ म्हटलं की आधी साप आठवतो! आणि पुढच्याच डब्यात ते म्हणतात, ‘आम्ही पुन्हा श्वास घेतोय.’ म्हणजे पहिल्या वाक्यात रोखलेला श्वास दुसऱ्यात सुटायला हवा. दोन्ही डबे एकत्र वाचल्याशिवाय हे जमत नाही. मराठीत अशी जोडी आहे का? आहे की!

```
41
00:02:10,000 --> 00:02:13,500
<i>ह्यूस्टन, ट्रँक्विलिटी बेस बोलतोय.
ईगल उतरलं.</i>

42
00:02:14,200 --> 00:02:17,000
इथं सगळ्यांचा जीव
टांगणीला लागला होता.

43
00:02:17,100 --> 00:02:19,000
आता जीवात जीव आला.
```

‘उतरलं’ का, ‘उतरला’ का नाही? कारण ते यान. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा आपण तसंच म्हणालो.

आता वेळ पुरते का ते बघा. ४३ व्या डब्याला दोन सेकंदांहून जरा कमी वेळ आहे. घड्याळ लावून वाक्य सावकाश, मोठ्यानं वाचा. वेळेत संपलं तर ठीक. संपलं नाही तर वेळ वाढवायची नाही, वाक्य छोटं करायचं. ‘आता आम्हा सर्वांना पुन्हा एकदा मोकळा श्वास घेता येतो आहे’ हे चूक नाही, पण वाचून होईपर्यंत गाडी सुटलेली असते! एका वेळी दोनच ओळी ठेवायच्या आणि एका ओळीत साधारण चाळीसेक अक्षरं, असा अंदाज धरतात. मात्र संगणकाची मोजणी वेगळी असते हं. ‘ट्रँक्विलिटी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरी वाटतो. संगणक प्रत्येक मात्रा, वेलांटी, चंद्रबिंदू आणि हलन्त वेगळा धरून त्याचे बारा मोजतो. म्हणून मराठीसाठी संगणकाच्या आकड्यापेक्षा मोठ्यानं वाचण्याची कसोटी बरी.

यापुढचा पेच सगळ्यात अवघड. २५ मे १९६१ ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी संसदेपुढं चंद्रावर जाण्याचा संकल्प मांडला. त्यांचं वाक्य इतकं लांब आहे, की सबटायटलमध्ये ते तीन डब्यांत बसवावं लागतं :

```
I believe that this nation
should commit itself

to achieving the goal,
before this decade is out,

of landing a man on the Moon and
returning him safely to the Earth.
```

चांगल्या मराठीत हे एक वाक्य असं होईल : ‘हे दशक संपण्याआधी माणसाला चंद्रावर उतरवून सुखरूप पृथ्वीवर परत आणण्याचं ध्येय गाठण्याचा निर्धार या देशानं करावा, असं मला वाटतं.’ वाक्य सुरेख आहे, पण आता त्याचे तीन तुकडे करून बघा. केनेडी ‘मला वाटतं’ म्हणत असतात आणि आपल्या पहिल्या डब्यात दशक संपून माणूस चंद्राकडे निघालेला असतो! इंग्रजीत क्रियापद आधी येतं, मराठीत शेवटी. त्यामुळं गाडीच उलटी लागते. बोलणाऱ्यानं चंद्राचं नाव शेवटी राखून ठेवलंय आणि आपण ते आधीच फोडतो.

उपाय असा. सबंध वाक्याचं भाषांतर करून ते कापायचं नाही. प्रत्येक डब्यातली गोष्ट त्याच डब्यात सांगायची आणि त्यासाठी वाक्य मोडून सुटसुटीत करायचं :

```
मला वाटतं, या देशानं
निर्धार करावा :

हे दशक संपण्याआधी
एक ध्येय गाठायचं.

माणसाला चंद्रावर उतरवून
सुखरूप पृथ्वीवर परत आणायचं.
```

आता चंद्र नेमका तिसऱ्या डब्यात आला. आपलं काम बरोबर झालं का, हे ओळखायची खूणही हीच. आवाज चालू ठेवून बघा. ‘मून’ हा शब्द ऐकू येतो, त्याच वेळी पडद्यावर ‘चंद्र’ दिसला पाहिजे.

काम झालं की फाइल जतन करायची. मूळ इंग्रजी फाइल तशीच राहू द्या आणि मराठीला वेगळं नाव द्या. चित्रफीत `moon.mp4` असेल, तर आपली फाइल `moon.mr.srt`. इथं `mr` म्हणजे मराठी. जतन करताना नोटपॅडमध्ये ‘एन्कोडिंग’ विचारतात, तिथं `UTF-8` निवडा. `ANSI` निवडलं तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. मग दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवून व्हीएलसीमध्ये चित्रफीत लावा.

एखादा डबा दिसलाच नाही, तर आधी त्याची वेळेची ओळ तपासा. मराठी कळफलकावर टाइप करताना हमखास एक घोटाळा होतो : वेळेतले आकडे ‘००’ असे मराठीत पडतात. आपल्याला ते वाचता येतात, पण चित्रफीत चालवणाऱ्या प्रोग्रॅमला ती वेळ वाटतच नाही. तिथं इंग्रजी आकडेच हवेत. शब्दांमध्ये मात्र मराठी आकडे खुशाल वापरा. तसंच दोन ओळींच्या मधोमध चुकून कोरी ओळ पडली, तर डबा तिथंच संपला असं समजलं जातं आणि खालची ओळ दिसेलच याची खात्री नसते.

पालकांसाठी : हे काम वर्डमध्ये करू देऊ नका. वर्ड `-->` या खुणेचा आपल्या मनानं सुबक बाण करून टाकतो आणि मग वेळेची ओळ निकामी होते. दुसरं म्हणजे, गावातल्या टंकलेखनाच्या दुकानातून मजकूर करून घेणार असाल, तर तो युनिकोडमध्येच मागा. लग्नपत्रिकांसाठी वापरतात त्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कागदावर छान छापला जातो, पण सबटायटलमध्ये त्याची असंबद्ध इंग्रजी अक्षरं होतात.

आणि मुलांनो, हा तुमचा गृहपाठ. खालच्या डब्यात चार चुका आहेत. शोधा बघू!

```
४४
00:02:20.500 -> 00:02:23,000
<i>धन्यवाद, ह्यूस्टन.<i>
```

वरच्या नमुन्याशी एकेक चिन्ह ताडून बघा. चार सापडल्या नाहीत, तर शेवटच्या खुणेतली तिरकी रेघ आठवा. उत्तर पुढच्या अंकात. बरंय तर!

— तुमच्या बाई, मलकापूर