खोडलेली ओळ

बारावी सायन्सच्या मुलीचं जर्नल आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतं. चार पानांचा एक प्रयोग, नीट बसलं तर पाऊण तासाचं काम. पण एका अक्षराची शाई पसरते, मुलगी पान फाडते आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करते. मग आकृतीतली एक रेघ तिरकी येते, की तेही पान जातं. तिसऱ्या रात्रीही प्रयोग पुरा होत नाही आणि जर्नल द्यायच्या दिवशी तिचं पोट दुखू लागतं. अम्मी पाहुण्यांना सांगते, "हिला ना, सगळं अगदी परफेक्ट लागतं." आवाजात कौतुक असतं. आम्हाला त्या कौतुकाचीच काळजी वाटते.

कारण पान फाडणारा हात टापटिपीच्या आवडीने चालत नसतो. त्या मुलीला शांतपणे विचारून पाहा, "डाग तसाच राहिला तर काय होईल?" उत्तर डागाबद्दल येत नाही. "मॅडमना वाटेल मी निष्काळजी आहे", "अब्बांची मान खाली जाईल", असं येतं. डाग कागदावर पडतो, पण तिला तो स्वतःवर पडल्यासारखा वाटतो.

रोझ शाफ्रन, झाफ्रा कूपर आणि ख्रिस्तोफर फेअरबर्न या संशोधकांनी 2002 मध्ये या स्वभावाची नेमकी मांडणी केली. माणूस आपली सगळी किंमत स्वतःच ठरवलेल्या कठोर मापाला टांगून ठेवतो आणि नुकसान दिसत असूनही ते माप सोडत नाही. त्यांचं एक निरीक्षण पालकांनी विशेष ध्यानात ठेवावं. माप गाठता आलं नाही तर माणूस स्वतःला झोडपतो. आणि गाठता आलं, तर ते माप मुळात सोपंच होतं असं ठरवून ते आणखी वर नेतो. म्हणजे 92 टक्के मिळाले की "पेपर सोपा होता", आणि 78 मिळाले की "मी बेकारच आहे". दोन्हीकडून हारच. अशा वेळी काम न देणं हाच एक सुरक्षित रस्ता उरतो, कारण न दिलेल्या जर्नलला कोणी वाईट म्हणू शकत नाही. म्हणून अशी मुलं पुष्कळदा आळशी दिसतात. पोटदुखीही बहाणा असतेच असं नाही. भीतीने पोट खरोखर दुखतं.

मनापासून मेहनत करणारी मुलगीही एखादं पान पुन्हा लिहील, म्हणून केवळ कष्टांवरून फरक कळत नाही. चुकीनंतर ती काय बोलते ते ऐका. "दशांश चिन्ह एक घर चुकलं" हे कामाबद्दलचं वाक्य आहे. त्यातून पुढच्या वेळी काय तपासायचं ते कळतं. "मला काहीच जमत नाही" यातून काहीच कळत नाही. फक्त पुढच्या पानाची भीती वाढते.

गंमत म्हणजे, प्रयोगशाळेची रीत या मुलीच्या उलट आहे. वहीत रीडिंग चुकलं तर ते खरवडून किंवा पांढऱ्या शाईने लपवत नाहीत. त्यावर एकच सरळ रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहितात, म्हणजे जुना आकडाही वाचता येतो. तिथे लपवलेली चूकच जास्त संशयास्पद.

उपचारात वापरली जाणारी एक पद्धत घरीही छोट्या प्रमाणात करता येते. मुलीने आधी कागदावर लिहायचं: "एक ओळ खोडून पान दिलं तर मॅडम सगळ्यांसमोर रागावतील." याची खात्री किती वाटते तेही लिहायचं, समजा शंभरात 80. मग प्रयोग पाऊण तासात संपवायचा, एक खोडलेली ओळ तशीच ठेवायची, जर्नल द्यायचं आणि काय घडलं ते त्याच कागदावर नोंदवायचं. पहिल्यांदा जीव घाबरतोच. मॅडम खरंच बोलल्या तर तेही लिहायचं: किती बोलल्या, आणि त्यानंतर दिवस कसा गेला. एकदा करून भागत नाही. तीन-चार जर्नलं जावी लागतात. आणि ओळ मुलीने निवडायची, अम्मीने नव्हे.

या काळात घरच्यांनीही एक प्रश्न गिळावा: "बाकीचे आठ मार्क कुठे गेले?"

वुजू झाला की नाही या वसवशाने पुन्हा पुन्हा नळाकडे जाणं किंवा हात सोलवटेपर्यंत धुणं, हे निराळं दुखणं असू शकतं. ते या वहीच्या प्रयोगाने जाणार नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा. मुलीची झोप, जेवण आठवड्यांमागून आठवडे बिघडलं असेल तरीही तसंच. जगणं नकोसं झाल्याची भाषा कानावर आली, तर मात्र एक दिवसही थांबू नये आणि तिला एकटं सोडू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.