दळणात कच्चं सोयाबीन नको

मुलांच्या पोटात प्रथिनं जावीत म्हणून दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन टाकून दळण आणण्याची पद्धत आता अनेक घरांत रुळली आहे. हिशेब चांगलाच आहे. दहा किलो गव्हात साधारण सव्वा किलो प्रथिनं असतात आणि एक किलो सोयाबीन त्यात आणखी पावणेचारशे-चारशे ग्रॅमची भर घालतं. पण सोयाबीन कच्चंच दळलं, तर ही भर कागदावरच राहण्याची भीती असते.

स्वादुपिंडातून आतड्यात येणारं ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करतं. कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिनरोधक पदार्थ या विकराला घट्ट चिकटून बसतात. कुलपात भलतीच किल्ली अडकावी, तसं ते विकर निकामी होतं. मग शरीर स्वादुपिंडाला आणखी विकरं तयार करायला लावतं. ही विकरंसुद्धा प्रथिनांचीच बनलेली असतात. त्यांच्यात गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर असतात आणि सोयाबीनमध्ये नेमकी तीच कमी असतात. म्हणजे बाहेरून आलेलं नीट पचत नाही आणि घरचंही वाया जातं. ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं, की उंदरांची वाढ नीट होते ती शिजवलेल्या सोयाबीनवर, कच्च्यावर नाही.

पोळी तव्यावर भाजली जातेच, मग काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. त्या मिनिट-दोन मिनिटांत काही रोधक नष्ट होतात, पण सगळ्यांचा भरवसा धरता येत नाही. कच्चं पीठ दुधात कालवून अशक्त मुलाला देणं तर सर्वांत वाईट. त्याला प्रथिनांची गरज जास्त आणि मिळतात कमी. कोरडं भाजणंही बेभरवशाचं, कारण दाणा बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. शिवाय जास्त करपलं तर लायसिन हे अमिनो आम्ल घटतं.

ओलसर उष्णता हाच खात्रीचा उपाय. सोयाबीन रात्रभर भिजवावं, ते पाणी टाकून द्यावं, ताज्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं खळखळून उकळावं. मग उन्हात खडखडीत वाळवून गव्हात मिसळावं आणि दळावं. उग्र, कच्चट वास गेला नसेल तर दाणा नीट शिजलेला नाही असं समजावं. थोडे रोधक उरले तरी घाबरायचं कारण नाही. बाजारातल्या सोया वड्या तयार होतानाच तापवलेल्या असतात, त्यांना हे सोपस्कार लागत नाहीत.

कोंबड्यांच्या खाद्यात जाणारी सोया पेंड वाफेवर भाजतात आणि ती कच्ची तर राहिली नाही ना, हे युरिएज चाचणीने तपासतात. घरच्या दळणाची अशी तपासणी कुणी करत नाही. त्यामुळे ‘पिठात सोयाबीन घाला’ असा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने ‘आधी उकळा’ हे दोन शब्दही सांगितलेच पाहिजेत. त्यांच्याशिवाय तो सल्ला अर्धवट आहे.