'यापुढे काळजी घेतली जाईल' म्हणजे नक्की काय?

ऑडिट रिपोर्टात प्रत्येक फाइंडिंगखाली मॅनेजमेंट रिस्पॉन्सची एक चौकट असते. माझ्या मते तिथे तीनच गोष्टी हव्यात: काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. प्रत्यक्षात तिथे बहुतेक वेळा सबबी असतात.

एक नमुना घेऊ. नोकरी सोडलेल्या २५ जणांची खाती ऑडिटरने तपासली. २४ तासांत बंद करायचा नियम असूनही ४ खाती चालूच होती. त्यावर उत्तर असं:

"एचआरकडून माहिती उशिरा मिळते. टीमवर कामाचा ताण आहे. खात्यांचा गैरवापर झालेला नाही. यापुढे काळजी घेतली जाईल."

गैरवापर झाला नाही हे कशावरून? लॉगिनचे लॉग पाहिले असतील तर जोडा, नाहीतर ते वाक्य काढून टाका. आणि 'काळजी घेतली जाईल' ही तर कर्मणी प्रयोगाची कमाल, कर्ताच गायब!

पहिलं वाक्य मात्र कामाचं आहे. सबब म्हणून लिहिलं की ते तिथेच संपतं, कारण म्हणून घेतलं की उपाय सुचतो. समजा, एचआर यादी महिनाअखेरीस पाठवतं. मग ती ४ खाती बंद करून भागणार नाही. २५ हा फक्त नमुना होता, बाकीच्यांचं काय? म्हणून मी ते उत्तर असं लिहीन:

"फाइंडिंग मान्य. ४ खाती १२ जूनला बंद केली. शेवटच्या दिवसानंतर त्यांवर लॉगिन नाही, लॉग जोडला आहे. गेल्या १२ महिन्यांत सोडून गेलेल्या सर्वांची खाती आयटी ऑपरेशन्स मॅनेजर ३० जूनपर्यंत तपासतील. एचआर सिस्टिममध्ये शेवटचा दिवस भरताच आयटीकडे आपोआप तिकीट जाईल, ही सोय एचआर मॅनेजर ३१ ऑगस्टपर्यंत करतील. तोवर एचआर रोज संध्याकाळी यादी पाठवेल. सप्टेंबरमध्ये गेलेल्यांची यादी आणि खाती बंद केल्याच्या वेळा १५ ऑक्टोबरला ऑडिटरला देऊ."

दोन गोष्टी बघा. एचआर मॅनेजरचं नाव आयटीने परस्पर टाकायचं नाही, आधी त्यांचा होकार घ्यायचा. नाहीतर ऑगस्टमध्ये "मला कुणी सांगितलंच नाही" हे ऐकायला तयार राहा. दुसरं म्हणजे, सोय तयार होण्याची तारीख आणि ती चालते हे दाखवण्याची तारीख वेगळी. ऑडिटर नुसता स्क्रीनशॉट पाहून फाइंडिंग बंद करत नाही, त्याला महिनाभराचा पुरावा लागतो.

"तारीख लिहिली की अडकतो हो!" असं बरेच जण म्हणतात. अहो, अडकण्यासाठीच ती लिहायची असते. ३१ ऑगस्ट जमणार नसेल तर ते १५ ऑगस्टला कळवा, कारणासकट आणि नव्या तारखेसकट. ३१ तारीख उलटल्यावर कळवलं, की ती पुन्हा सबबच झाली.